उत्सवमूर्ती जिथं बसेल तीच पुढची रांग: सोलापुरातल्या एका सहस्रचंद्रदर्शनाचं टेबल वाटप

कार्यक्रम होता आप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा. धार्मिक विधी सकाळी घरीच उरकले होते, संध्याकाळी होटगी रोडवरच्या एका बँक्वेट हॉलमध्ये जेवण. 118 माणसं, मार्चअखेर, म्हणजे सोलापुरात पंखा पुरत नाही असे दिवस. बुफे नको ही आप्पांच्या नातीची पहिली अट, म्हणाली "ताट हातात धरून लायनीत उभी राहतील अशी निम्मी माणसंच नाहीत ओ आपल्याकडं." पंगतीला खाली बसणं तर कुणालाच जमणार नव्हतं, म्हणून गोल टेबलं आणि जागेवर वाढायचं ठरलं. मी कार्यक्रमांची टेबलं लावायचं, कोण कुठं बसणार ते ठरवायचं काम करते. लग्नात वेगळी सोय लागणाऱ्या फार तर दोनतीन आज्या असतात, इथं उत्सवमूर्तीच एक्याऐंशीचे म्हटल्यावर भाऊबहीण, व्याही, मित्र सगळे त्याच वयाचे. म्हणून ही केस सविस्तर लिहितेय.

आधी हॉल कसा होता ते सांगते. 80 बाय 50 फूट. एका अरुंद भिंतीला स्टेज, तीन पायऱ्यांचा. समोरच्या अरुंद भिंतीला मोठं काचेचं दार, तिथंही बाहेर तीन पायऱ्या. पार्किंगच्या बाजूची जी लांब भिंत आहे तिला एक साधं दार, तिथं चांगला लांब उताराचा रॅम्प, आणि त्याच भिंतीच्या मध्यावर वधूकक्षाचं दार. हॉलचं कॉमन टॉयलेट पलीकडच्या कोपऱ्यात, त्याचं दार मोजलं तर जेमतेम 24 इंच. साधी व्हीलचेअर बाहेरून बाहेर 25-26 इंच भरते, म्हणजे तिथं ती शिरणारच नाही. वधूकक्षात मात्र कमोड आहे आणि दार 30 इंच. हे बघितलं तेव्हाच लक्षात आलं की ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी या हॉलची एकच बाजू आहे, ती पार्किंगकडची लांब भिंत.

घरच्यांनी आधीच एक कागद करून ठेवला होता. स्टेजसमोर दोन ओळी जवळच्या नातेवाइकांच्या, मग बाकीचे पाहुणे, आणि व्हीलचेअरवाले दोघं "मागं, दाराजवळ, म्हणजे त्यांना सोपं पडंल." हेतू चांगलाच होता. पण त्या दोघांतल्या एक म्हणजे आप्पांची सख्खी थोरली बहीण, सगळी नातवंडं आत्याआजी म्हणतात त्या, आणि दुसरे विजापूरचे व्याही. या दोघांना मागं बसवलं तर सोय होते पण मान जातो, पुढं बसवलं तर मान राहतो पण टॉयलेटला जायला सगळा हॉल ओलांडायचा, तोही खुर्च्या मागं सरकलेल्या असताना, वाढप्यांच्या मधून. घरात यावरून दोन दिवस चर्चा चाललेली, आणि प्रत्येकजण यातलं एक काहीतरी सोडायलाच लागणार असं धरून बोलत होता.

मी म्हटलं स्टेज सोडा. पुढं म्हणजे काय, तर आप्पा जिथं बसतील ते. आप्पांचं टेबल त्या लांब भिंतीच्या मध्यावर, वधूकक्षाच्या दारापासून चार पावलांवर लावू, त्यांच्या दोन्ही बाजूंना पहिली ओळ, आणि सगळा हॉल त्यांच्याकडं तोंड करून. औक्षण पण खालीच करू, एक्याऐंशीच्या माणसाला तीन पायऱ्या चढवून फोटो काढायची काय हौस. हॉलचा मॅनेजर नाखूश, कारण त्याचा बॅकड्रॉप, लाइटिंग सगळं स्टेजवर फिक्स. मग फुलांची एक साधी कमान त्या भिंतीला उभी केली. एवढ्या एका बदलानं सोयीची जागा आणि मानाची जागा एकच झाली, निम्मं भांडण तिथंच मिटलं.

आता माहिती कशी काढली ते. आमंत्रणाच्या फोनवर "काही अडचण वगैरे आहे का?" असं विचारलं की शंभरातले नव्वद जण "छे छे, काही नाही, आम्ही आपलं कुठंबी बसतो" म्हणतात, आणि मग कार्यक्रमाच्या दिवशी काठी टेकत येतात. म्हणून नातीला आणि तिच्या आईला विचारायचे प्रश्न लिहूनच दिले. गाडीतून उतरून दारापर्यंत चालत येणार का? खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो का? गर्दीत बोललेलं ऐकू येतं का, कुठल्या कानानं जास्त? जेवायला वेळ लागतो का, कुणी मदत करतं का? शेजारी कोण असलं तर बरं वाटेल? शेवटचा प्रश्न मुद्दाम, त्यातून कोण नको हेही आपोआप कळतं, लोक सांगतातच. आणि जमेल तिथं त्या माणसाला स्वतःला विचारा म्हटलं, मुलाला सुनेला नाही. याचा फायदा व्याह्यांच्या बाबतीत झाला. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, उजवा हात काम करत नाही, डाव्या हातानं जेवतात, थोडं सांडतं. मुलाचं म्हणणं बाबांना आप्पांच्या टेबलावरच घ्या. व्याही स्वतः फोनवर म्हणाले, "पुढं बसवा, मान आहे, बसतो. पर जेवताना सगळ्यांनी माझ्या तोंडाकडं बघावं असं नको." हे मुलाला माहीतच नव्हतं.

मग हिशोब. हॉलवाले पाच फुटी गोल टेबलाला दहा खुर्च्या लावतात, त्यांना टेबलं कमी लागतात. पण पाच फुटी टेबलाचा घेर भरतो सुमारे 188 इंच, दहा माणसं बसवली की माणशी 19 इंचसुद्धा येत नाहीत आणि ताटाला ताट लागतं. आठ बसवले की साडेतेवीस इंच येतात, ते ठीक. व्हीलचेअरला टेबलाशी यायला तीन फूट तरी मोकळे हवेत, आणि हातांची खुर्ची साध्या बँक्वेट खुर्चीपेक्षा रुंद असते. म्हणून मी माणसं मोजत नाही, जागा मोजते. साधी खुर्ची 1, हातांची खुर्ची 1.25, व्हीलचेअर 1.5, आणि टेबल भरलं म्हणजे 8. शीटमध्ये एका रकान्यात टेबलाचं नाव, शेजारच्या रकान्यात ही जागा, आणि हे दोन सोडून तिसऱ्याच रकान्यात बेरीज:

```
=SUMIF(F:F,"पंढरपूर",G:G)
```

आठच्या वर आकडा गेला की कुणालातरी हलवायचं. दोन व्हीलचेअर आणि नऊ हातांच्या खुर्च्या धरून 118 माणसांच्या 121.25 जागा झाल्या. सोळा टेबलांच्या 128. वर एक सतरावं टेबल कापड घालून कोपऱ्यात राखीव, त्यावर कुणाचंच नाव नाही.

शीटमध्ये पंढरपूर दिसतंय ते टेबलाचं नाव. नंबर मी देतच नाही. एक नंबरचं टेबल म्हटलं की दोन नंबरवाला मोजायला लागतो. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, मंगळवेढा, सिद्धेश्वर, अशी नावं दिली की कोण वर कोण खाली हा विषयच निघत नाही, आणि ऐंशीच्या माणसाच्या लक्षातही राहतं. पाटी मात्र मोठ्या काळ्या अक्षरात, ती सोनेरी नक्षीदार कॅलिग्राफी मोतीबिंदूवाल्याला दिसत नाही.

वाटपाचा क्रम माझा ठरलेला. आधी ज्यांची जागा शरीर ठरवतं ते, कारण तिथं घासाघीस चालत नाही. मग ज्यांना एकमेकांसमोर आणायचं नाही ते. आवडीनिवडी शेवटी. घरचे बरोबर उलटं करतात, आवडीनं सगळी टेबलं भरून टाकतात आणि शेवटी व्हीलचेअर कुठं घुसवायची ते बघतात, मग ती दारातच जाते.

आप्पांचं टेबल, म्हणजे पंढरपूर. आप्पांचा डावा कान जवळपास गेलेला, उजव्या कानाला मशीन. म्हणून आत्याआजी त्यांच्या उजवीकडं, दोघांना आयुष्यभराचं बोलायचं असतं ते तरी ऐकू जावं. आत्याआजींच्या पलीकडं त्यांना सांभाळणारी बाई. यावरून वाजलं. थोरले जावई म्हणाले, "बाईला कशाला मुख्य टेबलावर, ती मागं उभी राहील की." आत्याआजींच्या बोटांना संधिवात आहे, भाकरी मोडता येत नाही, घास करून द्यावा लागतो. मागं उभं राहून खांद्यावरून वाकून घास द्यायचा म्हणजे त्यांचाही अपमान आणि त्या बाईचाही, शिवाय ती जेवणार कधी? बेरीज बघा, आप्पा आणि आजी हातांच्या खुर्चीत म्हणजे 2.5, आत्याआजी 1.5, बाई 1, दोन मुलगे आणि मुलगी मिळून 3. झाले आठ. जावयांना जागाच नाही, हे आकड्यानं दाखवता आलं म्हणून बरं, नाहीतर मी बाईसाठी जावयांना उठवलं अशी बातमी झाली असती.

जावयांना मग दुसरं काम दिलं. प्रत्येक टेबलावर घरचा एक यजमान बसतो, कुणाला काय हवं ते बघायला. थोरले जावई इंडीकडचे, कन्नड फर्डं बोलतात, त्यांना विजापूरच्या टेबलाचे यजमान केलं. फुगले थोडे, पण बसले.

विजापूरचं टेबल पहिल्याच ओळीत, पण ओळीच्या टोकाला. ओळीत पाच टेबलं, ती मध्ये पन्नास फूट घेतात, त्यामुळे दोन्ही टोकांना पंधरा पंधरा फूट मोकळे राहतात. व्याही टेबलाच्या बाहेरून वळसा घालून आले आणि त्यांची जागा अशी की पाठ हॉलकडं, तोंड भिंतीकडं तिरकं, समोर फक्त घरची माणसं. मदत करणारा मुलगा त्यांच्या उजवीकडं, म्हणजे अधू हाताच्या बाजूला, डावा हात वावरायला मोकळा. नुसतं टेबल ठरवून भागत नाही ते यासाठी. टेबल बरोबर असून खुर्ची चुकली असती तर त्यांना सगळ्या हॉलसमोर डाव्या हातानं जेवावं लागलं असतं.

आता दोन पुतणे. मोहोळकडच्या शेताच्या वाटणीची केस कोर्टात, चार वर्षं बोलणं नाही. दोघांनाही आप्पांच्या जवळ बसायचं होतं आणि दोघांचा निरोप एकच, "तो असंल तिथं आम्ही नाही." अशा वेळी लोक त्यांना हॉलच्या दोन टोकांना टाकतात, मग एकजण आप्पांपासून लांब पडतो आणि तेच पुढची दहा वर्षं काढलं जातं. मी एकाला आप्पांच्या डावीकडच्या टेबलावर, एकाला उजवीकडच्या, अंतर सारखं, आणि दोघांच्या खुर्च्या भिंतीच्या बाजूला, म्हणजे दोघंही हॉलकडं बघतायत, एकमेकांकडं नाही. गोल टेबलांवर खरा त्रास शेजारी असण्याचा नसतो, मान वर केली की समोर तोच चेहरा दिसण्याचा असतो. राहिलं हात धुवायचं. बेसिन एकाच बाजूला, तिथं गाठ पडणार, म्हणून सगळ्याच टेबलांना लिंबू घातलेल्या कोमट पाण्याच्या वाट्या जागेवर दिल्या. म्हाताऱ्यांची पण सोय झाली, आणि खरं कारण कुणाला कळलं नाही.

मिलच्या टेबलाबद्दल मात्र मला जास्त लिहायचंय. आप्पांनी लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये मागावर आयुष्य काढलं, तिथले सहा जुने दोस्त येणार होते, बरेचसे पूर्व भागातले, आपापसात तेलुगू बोलणारे. घरच्यांच्या कागदावर हे शेवटच्या ओळीत, स्पीकरला लागून, "ती माणसं कुठंबी बसतील." मागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचे कान हळूहळू जातात, आणि आधी जातात ते बारीक आवाज, म्हणजे स, त, क अशी व्यंजनं. त्यामुळे आवाज येतो पण शब्द लागत नाही, आणि मागं संगीत चालू असलं तर अजिबातच नाही. मग ते ओठांकडं बघून समजून घेतात, बऱ्याचदा त्यांना स्वतःलाही माहीत नसतं की आपण हे करतो. त्यांना स्पीकरजवळ बसवणं म्हणजे जेवण वाढून गप्पा काढून घेणं. हे टेबल मी दुसऱ्या ओळीत आणलं, आप्पांच्या बरोबर समोर. वर उजेड चांगला, टेबलावर उंच फुलदाणी नाही, झेंडूची ताटली फक्त, कारण फुलदाणी मधे आली की समोरच्याचं तोंडच दिसत नाही. जंबो कूलर त्यांच्यापासून दूर, त्याची घरघर स्पीकरइतकीच वाईट. संगीताचा आवाज जेवणभर एवढाच की शेजारच्याशी बोलताना गळा ताणावा लागू नये.

जाता जाता, मेनूत फक्त कडक भाकरी होती. सोलापूरची शान वगैरे सगळं खरं, पण कवळीवाल्यांनी ती कशी खायची? मऊ भाकरी पण करायला लावली. शेंगा चटणी आणि हुग्गी सगळ्यांना चालते.

वाटेचा हिशोब. माणूस बसलेली खुर्ची टेबलाच्या कडेपासून साधारण 20 इंच बाहेर येते. दोन टेबलांत पाच फूट सोडले तर दोन्हीकडच्या खुर्च्या जाऊन 20 इंच उरतात, वाढपी आडवा होऊन जातो, व्हीलचेअर नाही. तिला 36 इंच तरी मोकळे हवेत, म्हणजे दोन्हीकडं खुर्च्या असतील तर टेबलांत साडेसहा फूट पाहिजेत. सगळीकडं एवढं सोडलं तर हॉल पुरत नाही, म्हणून एकच गल्ली रुंद ठेवायची, ती रॅम्पच्या दारापासून पहिल्या ओळीच्या मागून, भिंतीच्या कडेनं वधूकक्षापर्यंत. इथं खुर्च्या एकाच बाजूला असल्यानं सात फूट सोडले तर वळायलाही जागा मिळाली.

संध्याकाळी पाच वाजता नातीला रिकाम्या व्हीलचेअरवर बसवून ती वाट चालून बघितली, आणि मुद्दाम सगळ्या खुर्च्या बाहेर ओढून, त्यात वाढपी पोरं बसवून. हॉल रिकामा असताना सगळंच प्रशस्त दिसतं, ते बघून काही कळत नाही. तीन गोष्टी निघाल्या. डेकोरेटरनं कमानीचा स्टँड गल्लीत दीड फूट पुढं आणलेला. कूलरची वायर आडवी, तिच्यावर चाक अडकत होतं, काठीवाला तर पडलाच असता. आणि व्हीलचेअरचा हात टेबलाच्या कडेला धडकत होता, त्यामुळे ताट लांब पडत होतं. पहिल्या दोन्ही लगेच निस्तरल्या. तिसरीसाठी त्या दोन टेबलांच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले, दीड इंचाचे, आणि त्यांची झालर त्या बाजूनं वर टाचली, नाहीतर ती चाकात जाते. आत्याआजींच्या खुर्चीचे हात निघणारे असते तर त्यांच्या टेबलाला ठोकळे लागलेच नसते, पण ते फिक्स होते.

साडेसातला अक्कलकोटकडून जीपमधून सहा माणसं आली, न सांगता. हे व्हायचंच. राखीव टेबलावर नावाची पाटी ठेवली, वाढलं. कुणाला उठवावं लागलं नाही. धाकट्या पुतण्याची बायको मात्र स्वतःहून उठून मिलच्या टेबलावर जाऊन बसली, तिचे वडीलही मागावर होते म्हणे, आणि तिची जागा रिकामीच राहिली, असू दे.

जे जमलं नाही ते पण लिहिते. वधूकक्षाच्या टॉयलेटला भिंतीला धरायला दांडे नाहीत आणि आत व्हीलचेअर वळत नाही. खुर्ची दारापर्यंत नेऊन, तिथून दोघांनी धरून आत बसवावं लागतं. आत्याआजींबरोबर बाई होती, जमलं. व्याह्यांना मुलगा आणि जावई दोघं लागले. टेबल कितीही नीट लावलं तरी यात फरक पडत नाही, ते काम गवंड्याचं आहे. व्याह्यांनी त्या दिवशी दुपारपासून पाणी कमी प्यायलं होतं, हे मला त्यांच्या मुलानं निघताना सांगितलं. तेव्हापासून हॉल बघायला गेले की मी आधी टॉयलेटचं दार मोजते आणि दांडे आहेत का ते बघते, स्टेज नंतर. होटगी रोडच्या त्या मालकाला दांड्यांचं सांगितलंय. "बसवतो की ओ मॅडम" म्हणालाय, अजून बसवलेले नाहीत.